ताळ्याच्या खुणांपासून स्तंभालेखापर्यंत: सातवीच्या वर्गातली ४३ उत्तरे

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी शाळेत मी गणित शिकवते. दरवर्षी जुलैत सातवीच्या मुलांकडून एक पाहणी करून घेते आणि तिचा स्तंभालेख त्यांना स्वतःच्या हाताने काढायला लावते. पहिल्यांदाच स्तंभालेख काढणाऱ्या मुलांसाठी, त्यांच्या शेजारी बसणाऱ्या आईवडिलांसाठी आणि नुकत्याच वर्गावर रुजू झालेल्या शिक्षकांसाठी हा लेख आहे. सगळी कृती मी एकाच उदाहरणावर दाखवणार आहे. तेव्हा आलेख कागद, टोक काढलेली पेन्सिल, तीस सेंटिमीटरची पट्टी आणि खोडरबर घेऊन बसा आणि वाचता वाचता काढत चला.

आमचा प्रश्न साधा होता: आज सकाळी शाळेला कसे आलात? पटावर ४६ मुले, त्या दिवशी हजर ४३. हा ४३ आकडा वहीच्या कोपऱ्यात आधीच लिहून ठेवा. शेवटपर्यंत तो आपल्याला लागणार आहे.

उत्तरे गोळा करताना

पूर्वी मी हात वर करायला सांगत असे. "चालत कोण आले? सायकलने कोण?" असे विचारायचे आणि फळ्यावर आकडे मांडायचे. एका वर्षी सगळ्या आकड्यांची बेरीज केली तर ४३ मुलांची ४७ उत्तरे झाली होती. शोधल्यावर कारण कळले. काही मुलांचे घर मुख्य रस्त्यापासून आत, शेताकडे आहे. ती फाट्यापर्यंत चालत येतात आणि तिथून बस धरतात. एकाने तर विचारलेही, "बाई, मी आधी चालत येतो, मग बसनं. दोन्हीला हात वर केला तर चालतंय नव्हं?"

चालत नाही. स्तंभालेखासाठी प्रत्येक मुलाचे उत्तर एकाच रकान्यात पडले पाहिजे, नाहीतर तेच मूल दोन स्तंभांत मोजले जाते. म्हणून प्रश्नाला आता मी एक जोड देते: वाटेत दोन साधने लागत असतील तर ज्याने जास्त अंतर येता, ते एकच लिहा. फाट्यापर्यंत अर्धा किलोमीटर चालून पुढे सहा किलोमीटर बसने येणारा मुलगा 'बस' लिहितो.

हात वर करण्याऐवजी आता चिठ्ठ्या असतात. वहीच्या पानाचे आठ तुकडे केले की सहा पानांत वर्गाचे काम भागते. प्रत्येक चिठ्ठीवर उत्तर लिहायचे आणि कोपऱ्यात हजेरी क्रमांक. हा क्रमांक का हवा, ते चिठ्ठ्या उघडायला लागल्यावर समजते. यंदा तिघांनी नुसते 'गाडीने' असे लिहिले होते. आपल्याकडे गाडी म्हणजे मोटारसायकलही होते आणि बसही; "सकाळची गाडी चुकली" म्हणतो तेव्हा ती बसच असते. क्रमांक होता म्हणून त्या तिघांना विचारता आले. दोघांची गाडी मोटारसायकल निघाली, तिसऱ्याची बस. मी अंदाजाने तिन्ही चिठ्ठ्या दुचाकीत टाकल्या असत्या तर दोन स्तंभ चुकले असते, आणि बेरीज मात्र बरोबर ४३च आली असती. म्हणजे ही चूक पुढच्या कुठल्याही पडताळ्यात सापडली नसती. ती चिठ्ठीपाशीच पकडावी लागते.

ताळ्याच्या खुणा

वहीत तीन रकाने आखा: येण्याचे साधन, ताळ्याच्या खुणा, विद्यार्थ्यांची संख्या. पहिल्या रकान्यात एकाखाली एक साधनांची नावे लिहा. मग चिठ्ठ्यांचा गठ्ठा घ्या. एक चिठ्ठी उचला, मोठ्याने वाचा, त्या ओळीत एक उभी रेघ ओढा आणि चिठ्ठी पालथी करून दुसऱ्या बाजूला ठेवा. मगच पुढची उचला. बरीच मुले उलटे करायला जातात. आधी सगळ्या चिठ्ठ्यांमधून 'चालत' शोधतात, मग पुन्हा पहिल्यापासून 'बस' शोधतात. त्यात गठ्ठा पाच वेळा चाळावा लागतो, आणि एखादी चिठ्ठी दोनदा मोजली जाते किंवा राहूनच जाते.

खुणा पाचापाचाच्या जुड्यांत करायच्या. चार उभ्या रेघा, आणि पाचवी रेघ त्या चारांवर तिरकी. इथे एक चूक दरवर्षी दोन-तीन वह्यांत सापडते. मूल पाच उभ्या रेघा काढते आणि त्यांच्यावर सहावी तिरकी मारते. मोजताना मात्र जुडी पाचाचीच धरते. अशा दोन जुड्या असल्या की उत्तर दोनाने कमी येते. वही तपासताना मी संख्या नंतर बघते. आधी तिरक्या रेघेखाली उभ्या रेघा चारच आहेत ना, ते बघते.

आमची सारणी अशी झाली. खाली चार रेघांनंतरची तिरकी रेघ म्हणजे त्या चारांवर मारलेली पाचवी खूण समजा.

```
साधन       ताळ्याच्या खुणा         संख्या
चालत       ||||/  ||||/  ||||      १४
सायकल      ||||/  ||               ७
दुचाकी      ||||/  |                ६
बस         ||||/  ||||/  ||        १२
रिक्षा       ||||                    ४
                           एकूण    ४३
```

शेवटच्या रकान्याची बेरीज करा. १४ आणि ७ एकवीस, ६ मिळवून सत्तावीस, १२ मिळवून एकोणचाळीस, ४ मिळवून त्रेचाळीस. कोपऱ्यात लिहिलेला आकडा जुळला. तो जुळेपर्यंत आलेख कागदाला हात लावायचा नाही, असा माझ्या वर्गाचा नियम आहे. बेरीज ४६ आली तर कोणीतरी गैरहजर मुलांची उत्तरेही भरली आहेत. ४२ आली तर एक चिठ्ठी बाकाखाली पडली आहे किंवा एक जुडी चुकली आहे. चूक इथे शोधायला पाच मिनिटे लागतात. स्तंभ रंगवून झाल्यावर तीच चूक सापडली तर पान फाडावे लागते.

शेवटच्या रकान्यातल्या संख्येला पुस्तकात वारंवारता म्हणतात. आपल्या भागात आणखी एक शब्द कानावर येतो. शेजारच्या कन्नड शाळेतली मुले तिला आवृत्ती म्हणतात. मराठीत आवृत्ती पुस्तकाची निघते, म्हणून आमची मुले तिथे अडखळतात. पुढे हायस्कूलला कन्नड माध्यमात जाणाऱ्या मुलांनी दोन्ही शब्द वहीत शेजारी-शेजारी लिहून ठेवावेत.

प्रमाण ठरवणे

आता खरे काम. आलेख नीटनेटका दिसणार की नाही, हे स्तंभ काढायच्या आधी प्रमाणावर ठरते. प्रमाण म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर किती विद्यार्थी दाखवणार ते.

सारणीतली सर्वांत मोठी संख्या बघा. आपली १४ आहे. आलेख कागदावर एक-एक सेंटिमीटरचे मोठे चौकोन असतात आणि त्यांत बारीक रेघांनी एक-एक मिलिमीटरचे घर पाडलेले असते. तुमच्या कागदावर बारीक घर दोन मिलिमीटरचे असेल तर ते आधी मोजून घ्या, कारण पुढचा हिशेब त्याच्यावर अवलंबून आहे.

१ सेमी = १ विद्यार्थी घेतले तर चालत येणाऱ्यांचा स्तंभ १४ सेंटिमीटर उंच होतो. पूर्ण पान असेल तर मावतो, पण शीर्षक आणि खालची नावे धरली की पान उभे भरून जाते आणि शेजारी रुंदी कमी पडल्याने आलेख काठीसारखा दिसतो. १ सेमी = ५ विद्यार्थी घेतले तर तोच स्तंभ २.८ सेंटिमीटरचा होतो आणि रिक्षाचा ०.८ चा. सायकलचे ७ आणि दुचाकीचे ६ यांत फक्त दोन मिलिमीटरचा फरक उरतो. वर्गाच्या मागच्या बाकावरून तो कोणाला दिसणार?

१ सेमी = ३ विद्यार्थी दिसायला मधले वाटते, आणि एका वर्षी मीच फळ्यावर ते लिहून दिले होते. अर्ध्या वर्गाचे स्तंभ चुकले. कारण एका विद्यार्थ्याला ३.३३ मिलिमीटर येतात, आणि आलेख कागदावर अशी रेघ नसतेच. १४ साठी ४.६७ सेंटिमीटर कुठे, ते मुलांनी अंदाजाने ठरवले आणि प्रत्येकाचा अंदाज वेगळा निघाला.

तेव्हापासून मी मुलांना एकच कसोटी देते: एका विद्यार्थ्याची उंची कागदावरच्या बारीक रेघेवर नेमकी पडते का? १ सेमी = २ विद्यार्थी घेतले तर एका विद्यार्थ्याला पाच मिलिमीटर. एक मिलिमीटरच्या कागदावर ती रेघ अचूक मिळते, आणि बऱ्याच कागदांवर अर्ध्या सेंटिमीटरची रेघ जराशी ठळकही असते. दोन मिलिमीटरची घरे असलेल्या कागदावर मात्र पाच मिलिमीटर घराच्या मधोमध पडतात. तिथे पट्टीवरून मोजून खूण करावी लागते. आपण १ सेमी = २ विद्यार्थी हेच प्रमाण घेऊ. उंची अशा होतात: चालत ७ सेमी, बस ६, सायकल ३.५, दुचाकी ३, रिक्षा २. या उंची सारणीच्या शेजारी चौथ्या रकान्यात आधीच लिहून ठेवा. आलेख काढताना मग भागाकार करत बसावे लागत नाही.

प्रमाण ठरले की ते पानाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात लिहा: उभ्या अक्षावर १ सेमी = २ विद्यार्थी.

अक्ष आणि त्यांच्यावरचे आकडे

पानाच्या डाव्या कडेपासून तीन सेंटिमीटर आणि खालच्या कडेपासून तीन सेंटिमीटर सोडून एक बिंदू घ्या. तो आरंभबिंदू. तिथून उजवीकडे आडवी रेघ ओढा, तो एक्स-अक्ष. वर उभी रेघ ओढा, तो वाय-अक्ष. डावीकडचे आणि खालचे तीन सेंटिमीटर वाया जात नाहीत. आकडे आणि नावे त्याच जागेत बसतात. जी मुले पानाच्या कडेलाच अक्ष ओढतात, त्यांची नावे नंतर आलेखाच्या आत घुसतात.

उभ्या अक्षावर दर सेंटिमीटरच्या ठळक रेघेसमोर आकडा लिहायचा. आरंभबिंदूपाशी ०, पहिल्या रेघेवर २, मग ४, ६, ८, १०, १२, १४, आणि वर थोडी मोकळी जागा राहावी म्हणून १६. म्हणजे उभा अक्ष आठ सेंटिमीटर. आकडा रेघेच्या समोर येतो, दोन रेघांच्या मधल्या घरात नाही. कॅलेंडरच्या चौकोनात तारीख लिहायची सवय असलेली मुले आकडेही घरात लिहितात. मग स्तंभ नक्की कुठे थांबवायचा, हे त्यांचे त्यांनाच कळत नाही.

आता जरा थांबा, कारण या सगळ्या कामातली सर्वांत मोठी चूक याच ठिकाणी होते आणि ती सहज नजरेत येत नाही. मूल सारणीकडे बघते. तिथे ४, ६, ७, १२, १४ असे आकडे आहेत. ते उभ्या अक्षावर हेच पाच आकडे एक-एक सेंटिमीटरवर लिहून टाकते: पहिल्या रेघेवर ४, दुसऱ्या रेघेवर ६, तिसऱ्यावर ७, चौथ्यावर १२, पाचव्यावर १४. मग प्रत्येक स्तंभ आपापल्या आकड्यापर्यंत नेते. स्तंभ १, २, ३, ४, ५ सेंटिमीटरचे होतात. जिन्याच्या पायऱ्यांसारखा इतका सुबक आलेख दिसतो की शिक्षकही पटकन बरोबरची खूण करतात.

पण तो आलेख काय सांगतो ते बघा. दुचाकीवरून ६ मुले येतात आणि सायकलवरून ७. फरक एका मुलाचा. सायकलवरून ७ आणि बसने १२. फरक पाच मुलांचा. त्या आलेखात दोन्ही फरक एकसारखे, एक-एक सेंटिमीटरचे दिसतात. चालत येणारे रिक्षाने येणाऱ्यांच्या साडेतीनपट आहेत. आलेखात पाचपट दिसतात. सारणी बरोबर, बेरीज बरोबर, आणि चित्र खोटे.

ही चूक ओळखायला स्तंभांकडे बघूच नका. फक्त उभ्या अक्षावरचे आकडे खालून वर वाचा आणि प्रत्येक पुढच्यातून मागचा वजा करा. ०, २, ४, ६ यांत दरवेळी २ उरतात. ०, ४, ६, ७, १२, १४ यांत ४, २, १, ५, २ उरतात. वजाबाकी दरवेळी सारखी आली नाही तर अक्ष चुकला. पालकांनी मुलाची वही बघताना एवढे एक केले तरी पुरेसे आहे.

दुसरी गोष्ट शून्याची. काही जण म्हणतात, सर्वांत लहान संख्या ४ आहे, मग अक्ष २ पासून सुरू केला तर जागा वाचते. करून बघा. रिक्षाचा स्तंभ १ सेंटिमीटरचा होतो आणि चालत येणाऱ्यांचा ६ सेंटिमीटरचा. बघणाऱ्याला वाटते, चालणारे सहापट आहेत. स्तंभालेखात डोळा स्तंभाची पूर्ण उंची मोजतो, म्हणून तळ शून्यावरच हवा. वर्तमानपत्रातला एखादा स्तंभालेख डोळ्यांसमोर आला की मुलांना मी आधी तळाचा आकडा बघायला सांगते.

आडव्या अक्षावरची जागा

स्तंभ सारख्या रुंदीचे आणि मधल्या मोकळ्या जागाही सारख्या असाव्यात. आपण स्तंभ दीड सेंटिमीटर रुंद आणि मधली जागा एक सेंटिमीटर घेऊ. आरंभबिंदूनंतरही एक सेंटिमीटर सोडायचा, म्हणजे पहिला स्तंभ उभ्या अक्षाला चिकटत नाही.

सोपी युक्ती अशी की दीड आणि एक मिळून अडीच होतात. म्हणून स्तंभांच्या डाव्या बाजू आरंभबिंदूपासून १, ३.५, ६, ८.५ आणि ११ सेंटिमीटरवर येतात. या पाच ठिकाणी आधी बारीक खुणा करा. प्रत्येक खुणेपासून दीड सेंटिमीटरवर दुसरी खूण करा. शेवटचा स्तंभ साडेबारावर संपतो आणि अक्ष साडेतेरापर्यंत ओढायचा. अठरा सेंटिमीटर रुंदीच्या पानावर हे आरामात बसते. तुमचे पान अरुंद असेल तर स्तंभही एक सेंटिमीटरचे घ्या. मग अक्ष अकरा सेंटिमीटरचा होतो.

स्तंभांचा क्रम कोणता? सारणीत चालत, सायकल, दुचाकी, बस, रिक्षा असा क्रम होता, कारण फळ्यावर तसे सुचले. पण या साधनांना स्वतःचा असा काही क्रम नाही. म्हणून मी मोठ्याकडून लहानाकडे लावायला सांगते: चालत, बस, सायकल, दुचाकी, रिक्षा. एका नजरेत पहिला-दुसरा कळतो. सोमवार ते शनिवारची हजेरी किंवा जून ते सप्टेंबरचा पाऊस दाखवायचा असता तर मात्र वार आणि महिने हलवायचे नाहीत, त्यांचा क्रम ठरलेला आहे.

स्तंभ उभे करणे

पट्टीचा शून्य आणि पट्टीची कड यांत बहुतेक प्लास्टिकच्या पट्ट्यांवर दोन-तीन मिलिमीटरचे अंतर असते. मुले कड अक्षावर टेकवतात आणि ७ च्या खुणेवर टिंब देतात. सगळे स्तंभ दोन-तीन मिलिमीटर उंच होतात. आपल्या प्रमाणात पाच मिलिमीटर म्हणजे एक विद्यार्थी, तेव्हा अर्धा विद्यार्थी वाढला! त्यापेक्षा पट्टीने मोजूच नका. उभ्या अक्षावरच्या १४ च्या रेघेवर बोट ठेवा आणि तीच रेघ आडवी धरून स्तंभापर्यंत या. आलेख कागदावरच्या रेघा त्याचसाठी आहेत. सायकलच्या ७ साठी ६ आणि ८ यांच्या बरोबर मधली रेघ.

प्रत्येक स्तंभाच्या दोन उभ्या रेघा आधी हलक्या हाताने ओढा, मग वरची आडवी रेघ. पाचही झाले की सारणीशी पडताळून बघा आणि मगच रेघा ठळक करा. रंग भरायचा तर रंगीत पेन्सिल. स्केचपेनची शाई आलेख कागदावर पसरते, स्तंभाची कड फुगते आणि मागच्या पानावरही डाग उतरतो. सगळे स्तंभ एकाच रंगाचे ठेवा, कारण पाचही जण एकच गोष्ट मोजतात. मुलांना पाच रंग आवडतात हे मला माहीत आहे, पण पाच रंग पाहिले की बघणारा प्रत्येक रंगाचा अर्थ शोधत बसतो. रंग नसतील तर सगळ्या स्तंभांत एकाच दिशेने तिरक्या रेघा मारा.

प्रत्येक स्तंभाच्या माथ्यावर त्याची संख्या लिहा. मागच्या बाकावरून अक्षावरचा आकडा दिसत नाही, पण माथ्यावरचा दिसतो.

आलेख कागद नसेल तर साध्या रेघांच्या वहीवरही हे काम होते. वहीची प्रत्येक रेघ म्हणजे २ विद्यार्थी धरा. चालत येणाऱ्यांसाठी सात रेघा, सायकलसाठी साडेतीन. उभ्या बाजू तेवढ्या पट्टीने सरळ ओढाव्या लागतात. आमच्या वाडीवरच्या मुलांपैकी काही जण असाच काढतात आणि तो कुठेही कमी ठरत नाही.

नावे आणि शीर्षक

आडव्या अक्षाखाली प्रत्येक स्तंभाच्या मधोमध त्याचे नाव येते: चालत, बस, सायकल, दुचाकी, रिक्षा. इथे मुलांना वाटते की अक्षाला नाव दिले. नाही दिले. ती स्तंभांची नावे झाली. त्यांच्या खाली, मध्यभागी, अक्षाचे स्वतःचे नाव लिहायचे: शाळेला येण्याचे साधन. तसेच उभ्या अक्षाच्या डाव्या बाजूला, पान आडवे फिरवून खालून वर: विद्यार्थ्यांची संख्या. नुसते 'एक्स-अक्ष' आणि 'वाय-अक्ष' लिहिले तर तिथे काय मोजले हे कोणालाच कळत नाही. नुसते 'संख्या' लिहिले तरी तोच प्रश्न: कशाची? बसची, का मुलांची?

शीर्षक वर, मध्यभागी. मुलांचे पहिले शीर्षक बहुतेक वेळा 'स्तंभालेख' एवढेच असते. ते वहीच्या मुखपृष्ठावर 'वही' लिहिल्यासारखे झाले. शीर्षकातून कोण, काय आणि कधी ही तीन उत्तरे मिळाली पाहिजेत. आमच्या वर्गाने बऱ्याच चर्चेनंतर हे ठरवले:

इयत्ता सातवीचे विद्यार्थी शाळेला कसे आले (जुलैतला एक पावसाचा दिवस, ४३ विद्यार्थी)

'पावसाचा दिवस' हे शब्द एका मुलीच्या आग्रहाने आले. ती एरवी सायकलने येते, त्या दिवशी वडिलांनी मोटारसायकलवरून सोडले होते. खानापूरच्या पश्चिम भागात जुलैचा पाऊस कसा असतो हे सांगायला नको. सायकलचा स्तंभ जानेवारीत याच्यापेक्षा उंच असू शकतो. आलेख त्या एका सकाळचा आहे. 'सातवीची मुले शाळेला कशी येतात' असे लिहिले असते तर वाचणाऱ्याने तो वर्षभराचा समजला असता. तिचे म्हणणे मला पूर्ण पटले.

एक गोष्ट हा आलेख सांगू शकत नाही. बसने येणाऱ्या १२ जणांत मुली किती? २०२३च्या जूनमध्ये कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाली, तेव्हापासून साध्या सरकारी बसमध्ये राज्यातल्या महिलांना आणि मुलींना तिकीट लागत नाही. म्हणून वर्गात हा प्रश्न लगेच निघाला. चिठ्ठ्यांवर हजेरी क्रमांक होते, त्यामुळे मोजता आले: ८ मुली, ४ मुलगे. पण एकेरी स्तंभात ते दिसत नाही. त्यासाठी प्रत्येक साधनाला मुलींचा आणि मुलग्यांचा असे दोन स्तंभ चिकटून काढावे लागतात. त्याला जोडस्तंभालेख म्हणतात, आणि तिथे मात्र दोन रंग आणि कोणता रंग कोणाचा हे सांगणारी सूची लागते. तो पुढच्या आठवड्याचा पाठ.

सारणी झाकून पडताळा

शेवटी मी वह्यांची अदलाबदल करायला लावते. सारणीवर कोरा कागद ठेवायचा, स्तंभांच्या माथ्यावरचे आकडेही बोटाने झाकायचे, आणि फक्त स्तंभ आणि उभा अक्ष बघून पाच संख्या वेगळ्या कागदावर लिहायच्या. मग त्यांची बेरीज.

यंदा दोन मैत्रिणींनी एकमेकींच्या वह्या घेतल्या. एकीची बेरीज ४३ आली. दुसरीची ४२. तिने पुन्हा वाचले, पुन्हा ४२. मग दोघींनी मिळून एक-एक स्तंभ सारणीशी ताडून पाहिला. चालत १४, बस १२, सायकल ६... सारणीत ७ होते, माथ्यावरही ७ लिहिलेले होते, पण स्तंभ मधल्या रेघेऐवजी ६ च्याच ठळक रेघेवर थांबला होता. वहीवालीने खोडरबर घेतला, वरची रेघ पुसली आणि स्तंभ अर्धा सेंटिमीटर वर नेला.